चार्टवरचे गोल आकडे

"मॅडम, मी स्टाफ नर्स आहे आणि पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग करते आहे. नर्सिंग मॅनेजमेंटच्या असाइनमेंटला 'वॉर्डमधील संघर्षाचं व्यवस्थापन' हा विषय आलाय. पाच पद्धती पाठ आहेत. पण आमच्याच वॉर्डात सकाळच्या आणि रात्रीच्या सिस्टर महिनाभर एकमेकींशी बोलत नाहीयेत. तिथे यातली कुठली पद्धत वापरायची आणि नेमकं बोलायचं काय?"

एका रुग्णालयात मी आठवड्यातून एक दुपार कर्मचाऱ्यांच्या अडचणी ऐकायला बसते. तिथल्या मेल मेडिकल वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर एकदा आल्या आणि म्हणाल्या, "भांडण मिटलंय, आता दोघी गप्प असतात." मला मात्र त्या गप्प बसण्याचीच धास्ती वाटली.

प्रकरण साधं होतं. सकाळी आठला ड्युटीची ओव्हर देताना इनटेक-आउटपुट चार्टवर रात्रीच्या लघवीचा आकडा नसायचा. सकाळच्या सिस्टर वीस वर्षं नोकरी झालेल्या. राउंडला डॉक्टरांनी आकडा विचारला की बोलणी त्यांनाच बसायची. एक दिवस त्यांनी नाइटच्या सिस्टरला पेशंटच्या खाटेपाशी, नातेवाइकांसमोर सुनावलं, "बारा तास इथे झोपायला येतेस का?" नाइटच्या सिस्टर वयाने लहान. त्यांनी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तोंडी ओव्हर बंद झाली. रजिस्टर टेबलावर ठेवायचं आणि निघायचं.

पुढच्याच आठवड्यात पोटाच्या सोनोग्राफीसाठी उपाशी ठेवायच्या पेशंटला मावशींनी सकाळी चहा-बिस्किटं दिली. उपाशी ठेवण्याची सूचना रजिस्टरच्या तळाशी लिहिलेली होती, पण तोंडाने कुणी कुणाला सांगितली नव्हती. सोनोग्राफी दुसऱ्या दिवसावर गेली. नशीब, तेवढ्यावरच भागलं.

मी इन्चार्जना जुने चार्ट दाखवायला सांगितले. भांडणाआधीच्या पानांवर 1,140, 865 असे आकडे होते, मध्येच एखादी रिकामी जागा. भांडणानंतर एकही जागा रिकामी नव्हती आणि आकडे होते 1,200, 1,000, 1,500. युरिन बॅग मोजून असे गोल आकडे कधीतरी येतात, रोज येत नाहीत. बोलणी चुकवायची म्हणून अंदाज लिहिले जात होते. त्या वॉर्डात हृदय कमजोर झालेले, दिवसाला एक लिटरच पाणी प्यायची मुभा असलेले, लघवी होण्याची इंजेक्शनं चालू असलेले पेशंट होते. डॉक्टर त्याच आकड्यावरून डोस ठरवतात. रिकामी जागा दिसली तर कुणी विचारतं तरी. खोट्या आकड्याबद्दल कुणी विचारत नाही.

तुझ्या पाच पद्धतींपैकी चार इथे सापडतील. थोरल्या सिस्टर जोर लावत होत्या, धाकट्या टाळत होत्या, आणि इन्चार्ज? दोघींना न दुखवता त्या स्वतःच सकाळी लवकर येऊन चार्ट पुरे करत होत्या, म्हणजे नमतं घेत होत्या. तडजोडीचाही एक प्रयत्न झाला होता, 'एक दिवस तू लिही, एक दिवस मी'. तो चार दिवस टिकला. कारण खरी अडचण वेगळीच होती आणि ती कुणी विचारलीच नव्हती.

ती कळली दोघींशी स्वतंत्र बोलल्यावर. प्रत्येकीला मी वीस मिनिटं दिली आणि तीनच गोष्टी विचारल्या. काय घडलं? त्याने तुमच्या कामात काय अडलं? समोरची तसं का करत असेल, असं तुम्हाला वाटतं? तिसऱ्या प्रश्नाला माणूस थबकतो. थोरल्या म्हणाल्या, "आळस, दुसरं काय!" आणि मग जरा थांबून, "तशी रात्री एकटीच असते म्हणा." धाकट्यांकडून कळलं की सकाळी सहा ते आठ या वेळात अडतीस पेशंटचं रक्त काढणं, शुगर तपासणं, इन्सुलिन, इंजेक्शनं आणि चार्ट हे सगळं एकटीवर असतं. चोवीस तासांची बेरीज सहाला बंद करायची की आठला, हे वॉर्डात कुठेच ठरलेलं नव्हतं. थोरल्या आठ धरायच्या, धाकट्या सहा. भांडणाचं मूळ या दोन तासांत होतं.

एकत्र बैठकीची वेळही जपून निवडावी लागते. रात्रभर जागलेल्या माणसाला सकाळी सव्वाआठला बसवून समेट होत नसतो. धाकट्यांचा नाइट ऑफ संपून दुपारची ड्युटी लागली, त्या दिवशी पावणेदोनला आम्ही सेमिनार रूममध्ये बसलो. नर्सिंग स्टेशनवर मुद्दाम नाही, तिथे ऐकायला सगळा वॉर्ड असतो.

बोलण्यासाठी 'डेस्क' ही चार पायऱ्यांची चौकट वापरली: घडलेलं सांगा, त्याचा त्रास सांगा, हवं ते नेमकं मागा, त्याने काय होईल ते सांगा. पुस्तकी पद्धतीने बोललं की ते मेमो वाचल्यासारखं वाटतं. "मला असुरक्षित वाटतं" असं आपल्या वॉर्डात कुणी म्हणत नाही. म्हणून भावनेच्या जागी कामातली अडचण बोला, असं मी सुचवते. थोरल्यांचं वाक्य असं झालं: "त्या दिवशी चौदा नंबरचा आउटपुट लिहिलेला नव्हता. राउंडला सरांनी विचारलं, माझ्याकडे उत्तर नव्हतं. बॅग बघायची राहिली असेल तर तेवढं मला तोंडाने सांग, मी आठला बघून घेईन, म्हणजे दोघींना बोलणी बसणार नाहीत." यात 'नेहमी' नाही, 'झोपायला' नाही. धाकट्यांना मी 'सॉरी' म्हणू दिलं नाही. त्या म्हणाल्या, "सिस्टर, माझं चुकलं तर सांगा, पण पेशंटसमोर नको. नातेवाईक मग रात्रभर माझं ऐकत नाहीत." थोरल्यांनी हे पहिल्यांदाच ऐकलं होतं.

तीन गोष्टी ठरल्या. बेरीज सहाला बंद, सहानंतरचं नव्या दिवसात. जे मोजलं नाही तिथे 'मोजले नाही' लिहून सही करायची, अंदाज लिहायचा नाही. आणि पावणेआठला खाटेपाशी तोंडी ओव्हर, एसबारच्या क्रमाने: आत्ता काय चाललंय, आधी काय होतं, मला काय वाटतं, पुढे काय करायचं. चूक दिसली तर तिथे बोलायचं नाही, ओव्हर संपल्यावर स्टोअर रूममध्ये. मावशींनाही ओव्हरच्या शेवटी बोलवायचं, हे इन्चार्जनी स्वतःहून जोडलं.

तीन आठवड्यांनी चार्टवर पुन्हा 1,085 आणि 'मोजले नाही' दिसू लागलं. दोघी आजही एकत्र डबा खात नाहीत. माणूस म्हणून जवळ येणं हे माझं कामही नव्हतं.

दोघींना बसवून मिळून उपाय काढायची ही पाचवी, सहकार्याची पद्धत सगळीकडे लावू नकोस. पेशंटचं हृदय बंद पडलं असताना जोरच लावायचा, चर्चा नंतर. आणि शिवीगाळ, जातीवरून बोलणं, लैंगिक छळ, ड्युटीवर दारू हे 'संघर्ष' नव्हेत. तिथे दोघांना समोरासमोर बसवणं म्हणजे त्रास सोसणाऱ्याला पुन्हा त्रास देणाऱ्याच्याच पुढ्यात नेणं. ते लेखी मेट्रनकडे जातं, आणि लैंगिक छळ असेल तर कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीकडे.

असाइनमेंटमध्ये व्याख्या अर्ध्या पानात आटप. तुझ्या वॉर्डातली दोन माणसं घे, दोघांची पद्धत ओळख, आणि दोघांनी उच्चारलेली मूळ वाक्यं व बदललेली वाक्यं समोरासमोर लिही. चार्टचा फोटो मात्र काढू नकोस. मेट्रनची परवानगी घेऊन आधीचे आणि नंतरचे सात-सात दिवसांचे आकडे हाताने उतरवून घे, नाव आणि खाटेचा नंबर सोडून.