घटकाचे नाव खोक्यावर आल्यानंतर: ‘इंटेल इनसाइड’च्या निमित्ताने

प्रश्न: ब्रँडिंगच्या पेपरसाठी विचारतो आहे. सह-ब्रँडिंग आणि घटक-ब्रँडिंग यांत फरक काय? फायदा कोणाचा आणि धोका कोणाचा? ‘इंटेल इनसाइड’ सगळीकडे दिलेले असते, पण ते कोणी नीट उलगडून सांगेल का?

उत्तर: घटक-ब्रँडिंग हा सह-ब्रँडिंगचाच एक प्रकार आहे. बँक आणि विमान कंपनी मिळून क्रेडिट कार्ड काढतात तेव्हा दोन्ही नावे ग्राहकासमोर बरोबरीने उभी असतात. घटक-ब्रँडिंगमध्ये मात्र एक नाव वस्तूच्या आतल्या, न दिसणाऱ्या भागाचे असते.

इंटेलला नावाची गरज पडली ती कायद्यामुळे. इंटेलच्या प्रोसेसरचे नाव असलेला ‘३८६’ हा आकडा ट्रेडमार्क म्हणून राखता येणार नाही, असे अमेरिकेतील न्यायालयाने १९९१ मध्ये ठरवले आणि एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीला आपल्या प्रोसेसरवर तोच आकडा वापरण्याची मोकळीक मिळाली. त्याच वर्षी इंटेलने ‘इंटेल इनसाइड’ ही योजना आणली. संगणक कंपनीने प्रोसेसरसाठी मोजलेल्या रकमेचा काही टक्के भाग इंटेल एका निधीत जमा करी, आणि त्या कंपनीने आपल्या जाहिरातीत इंटेलचे चिन्ह छापले, तर जाहिरातीच्या खर्चाचा वाटा त्या निधीतून उचलला जाई.

फायदा सर्वांना सारखा नव्हता, आणि माझ्या मते या उदाहरणाचे मर्म तेच आहे. फारसे नाव नसलेल्या संगणक कंपनीला जाहिरातीचे पैसेही मिळत आणि इंटेलची पतही. पण कॉम्पॅकसारख्या नावाजलेल्या कंपनीला दिसत होते, की आत तोच प्रोसेसर असल्याचे चिन्ह प्रत्येक खोक्यावर आले, तर आपला महाग संगणक आणि शेजारचा स्वस्त संगणक ग्राहकाला एकसारखेच वाटू लागतील. म्हणूनच कॉम्पॅक १९९४ मध्ये योजनेतून बाहेर पडली. १९९६ मध्ये ती परतली.

इंटेलचा स्वतःचा धोका १९९४ मध्येच उघड झाला होता. इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरच्या भागाकारात क्वचित चूक होते, हे व्हर्जिनियातील गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांच्या लक्षात आले. सामान्य वापरात ही चूक जवळजवळ कधीच आढळणार नाही, असे सांगून इंटेलने सुरुवातीला गरज सिद्ध करणाऱ्यांनाच प्रोसेसर बदलून देण्याची भूमिका घेतली. संगणक कंपन्यांना माल पुरवणाऱ्याचे हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या समजण्यासारखे होते. परंतु तीन वर्षे जाहिरातींतून थेट घराघरांत पोहोचवलेले नाव आता ग्राहकाच्या दृष्टीने वस्तूची हमी झाले होते, आणि त्यामुळे तक्रार संगणक विकणाऱ्यापाशी न थांबता इंटेलकडेच आली. डिसेंबरमध्ये आयबीएमने पेंटियमचे संगणक पाठवणे थांबवले, काही दिवसांतच इंटेलने मागेल त्याला प्रोसेसर बदलून देण्याचे जाहीर केले, आणि या प्रकरणापोटी ४७.५ कोटी डॉलरचा बोजा हिशेबात दाखवला.

उत्तरपत्रिकेत याला एक प्रतिउदाहरण जोडावे. ॲपलने २००६ पासून मॅकमध्ये इंटेलचे प्रोसेसर वापरले, पण ते चिन्ह संगणकावर कधीच चिकटवले नाही.