बल्क कधी थांबवायचा? कंबर आणि बार काय सांगतात

या वेळी आलेल्या पत्रांत निम्मी पत्रं एकाच गोष्टीची आहेत. पावसाळ्यात वजन वाढवायला घेतलं, आता फेब्रुवारी संपत आला, थांबायचं कधी? कुपवाडच्या वाचकांनी वहीच्या पानांचे फोटो पाठवलेत, त्यामुळे सुरुवात त्यांच्यापासून.

प्रश्न : वय २७, उंची १७२ सें.मी. जून अखेरीस ६४ किलो होतो, आता ७२.४. स्क्वॉट सहा आठवडे जवळजवळ तिथंच अडकलाय म्हणून जानेवारीपासून रात्री अर्धा लिटर दूध आणि दोन केळी वाढवली. पॅन्टी घट्ट व्हायला लागल्यात. अजून दोन महिने ओढू का? (कुपवाड)

नका ओढू. तुमच्याच वहीत उत्तर आहे, फक्त ते आकडे शेजारी शेजारी मांडायला हवेत.

जुलै ते सप्टेंबर वजन ३.६ किलोनं वाढलं आणि कंबर ७८ वरून ८० झाली. म्हणजे किलोमागे साधारण अर्धा सेंटिमीटर. त्याच काळात पाच रिप्सचा स्क्वॉट ६० वरून ८५ किलोवर गेला, महिन्याला आठ किलो. याहून चांगला बल्क मी क्वचित बघतो. ऑक्टोबर ते डिसेंबर वजन २.८ किलो, कंबर अडीच सेंटिमीटर, स्क्वॉट १०० वर. किलोमागे ०.९ सेंटिमीटर, महिन्याला पाच किलो. इथं वेग उतरला, पण ते होणारच. नवख्याची पहिली झेप बरीचशी मज्जासंस्थेची असते, शरीर हालचाल शिकत असतं, ती कायम टिकत नाही. त्यामुळे बार हळू झाला एवढ्यावरून बल्क थांबवायचा नसतो.

आता शेवटचे सहा आठवडे बघा. वजन दोन किलो, कंबर तीन सेंटिमीटर, स्क्वॉट फक्त अडीच किलो. तोही कसा, तर पाचव्या रिपला पाठ वाकली असं तुम्हीच समासात लिहिलंय. मी तो अडीच किलोही धरत नाही. किलोमागे दीड सेंटिमीटर कंबर आणि बार जागेवर, हे दोन्ही एकाच वेळी चार ते सहा आठवडे दिसलं की वाढलेलं वजन बहुतेक पोटावर बसतंय असं समजायचं.

चूक कुठं झाली तेही सांगतो, कारण ती सगळेच करतात. बार अडकला की माणूस ताट वाढवतो. सहा महिन्यांनी स्नायू वाढायचा वेग कमी झालेला असतो, तेव्हा खाणं तेवढंच ठेवायचं किंवा थोडं कमी करायचं. सुरुवातीला आठवड्याला शरीराच्या वजनाच्या ०.२५ ते ०.५ टक्के वाढ चालते, नंतर खालच्या टोकाला यायचं. तुम्ही उलट, सगळ्यात जास्त वेगानं वजन वाढवलंत ते नेमकं शेवटी. हाच उद्योग मी स्वतः तिशीत केलाय, आणि माझ्या वहीत कंबरेचा रकानाच नव्हता. ८४ किलो झालो म्हणून मिरवत होतो. शिंप्यानं माप घेताना टेप दोनदा लावला तेव्हा कळलं.

एक शंका मात्र मिटवायला हवी. जानेवारीत तुमची नाइट शिफ्ट लागली. झोप मोडली की बार अडकतो, त्याचा बल्कशी संबंध नसतो. म्हणून एरवी मी आधी एक आठवडा हलका घ्यायला सांगतो, वजन तेच पण सेट निम्मे. त्यानंतर बार सुटला तर थकवा होता, आणि कंबर शांत असेल तर बल्क चालू ठेवायचा. तुमच्या बाबतीत ही परीक्षा घ्यायला जागा उरलेली नाही, कारण कंबर ८५.५ वर आहे. उंचीच्या निम्मी म्हणजे तुमच्यासाठी ८६. त्या रेषेच्या पुढं मी कुणाचाच बल्क नेत नाही, बार वाढत असला तरी. भारतीय पुरुषांसाठी डॉक्टर ९० सेंटिमीटर ही धोक्याची खूण मानतात. आपल्याकडं चरबी आधी पोटाच्या आत साठते, म्हणून त्या खुणेपर्यंत वाट बघायची नाही.

पुढं काय? पहिले दोन आठवडे फक्त रात्रीचं दूध बंद. घरच्या म्हशीचं अर्धा लिटर दूध म्हणजे पाचशेच्या आसपास कॅलरी, तेवढ्यानं वजन वाढायचं थांबेल. हलका आठवडाही याच काळात उरकून घ्या. मग केळी काढा आणि संध्याकाळचे मूठभर शेंगदाणे निम्मे करा. आठवड्याला ३५० ते ४०० ग्रॅम उतरलं पाहिजे, त्याहून जास्त नको. प्रोटीन किलोमागे १.६ ग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नका, तुमच्यासाठी रोज ११६ ग्रॅम. स्क्वॉटला ९५-१०० किलो धरून ठेवा, हवं तर सेट कमी करा. कट चालू झाला म्हणून हलक्या वजनाचे वीस-वीस रिप्स मारू नका, स्नायू राखायला जड वजनच लागतं. कंबर ८१ च्या आसपास आली की थांबा. आठ-दहा आठवडे लागतील.

प्रश्न : सर, कंबर रोज वेगळी येते. सोमवारी ८३, गुरुवारी ८४.५, रविवारी परत ८३. यावरून ठरवायचं तरी काय? (विश्रामबाग)

बुधवारी रात्री काय खाल्लं ते आठवा. भडंगाची मोठी पुडी संपवली असेल तर मीठ, पाणी आणि आतड्यातला माल मिळून दीड सेंटिमीटर सहज फिरतं. एका दिवसाच्या मापाला काडीची किंमत नाही.

सकाळी संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. उघड्या अंगानं सरळ उभं राहायचं, पाय जवळ. टेप बेंबीवरून आणि जमिनीला समांतर. मागं पाठीवर तो खाली घसरतो आणि तिथंच माप चुकतं, म्हणून आरशात बाजूनं बघा. नेहमीसारखा श्वास सोडा आणि सोडून झाला की वाचा. पोट आत ओढायचं नाही आणि मुद्दाम सैलही सोडायचं नाही. आठवड्यात तीन सकाळी मापून सरासरी लिहा आणि आजची सरासरी चार आठवड्यांपूर्वीच्या सरासरीशी ताडून बघा. अर्धा सेंटिमीटर इकडं तिकडं असेल तर ते माप घेणाऱ्या हाताचं समजा.

टेप शिंप्याचा कापडी असेल तर एकदा स्टीलच्या पट्टीवर ठेवून बघा, जुना टेप ताणलेला असतो. आणि पॅन्टीच्या नंबरावर जाऊ नका. पोट सुटलं की आपण पॅन्ट खाली घालतो, नंबर तोच राहतो.

क्रिएटिन नुकतं चालू केलं असेल तर पहिल्या दोन आठवड्यांत काट्यावर किलो-दीड किलो पाणी चढतं. ते दोन आठवडे किलोमागच्या हिशेबातून वगळा.

प्रश्न : कंबर वाढली ती पोटाचे आणि पाठीचे मसल वाढल्यामुळेही असेल ना? डेडलिफ्ट भरपूर करतो. (माधवनगर)

थोडी असेल. पण डेडलिफ्टनं वाढलेली कंबर वर्षात सेंटिमीटरभर मानेन मी, चार नाही. बेंबीच्या बाजूची कातडी चिमटीत धरून बघा. चिमूट जाड झाली असेल तर वाद संपला. चिमूट तेवढीच आणि माप वाढलेलं, यावरून मात्र सुटलो म्हणू नका. पोटाच्या आतली चरबी चिमटीत येत नाही.

प्रश्न : पोलीस भरतीची तयारी करतोय, वय २१. चार महिन्यांत ६६ वरून ७४ किलो झालो. बेंच ६० चा ७५ झाला, पाच-पाच रिप्स. पण पुल-अप्स ११ मारत होतो, आता ६ वर आलो. ताकद वाढली का कमी झाली? (तासगाव)

वाढलीही नाही आणि कमीही झाली नाही. ओढायची ताकद होती तिथंच आहे. एक ढोबळ हिशेब वापरतात : उचललेल्या वजनाला ३० नं भागायचं, रिप्सनं गुणायचं आणि ते मूळ वजनात मिळवायचं, म्हणजे एका रिपचा अंदाज येतो. पुल-अपमध्ये उचललेलं वजन म्हणजे तू स्वतः. आधी ६६ किलो आणि ११ रिप्स, अंदाज येतो ९०. आता ७४ आणि ६, अंदाज ८९. आठ किलो अंगावर आले आणि पाठीची ताकद होती तिथंच.

मग बेंच का वाढला? काही ताकद खरी आहे, ती नाकारत नाही. पण छाती आणि पाठ जाड झाली की बारला खाली यायचं अंतर कमी होतं, शिवाय बेंचमध्ये स्वतःचं वजन उचलावं लागत नाही. म्हणून बल्कमध्ये बेंच सगळ्यात शेवटपर्यंत खूश ठेवतो. मी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही, पुल-अप्सवर ठेवतो.

महिन्याला दोन किलो हा वेगच जास्त होता. तू कंबर मोजलेली नाहीस, पण या आकड्यांवर मापायची वाटही बघू नकोस. आजच थांब. तुला १६०० मीटर पळायचंय, आणि तिथं ही आठ किलो प्रत्येक पावलाला उचलावी लागतील. आठवड्याला ४०० ग्रॅमनं उतरत ७० पर्यंत ये. पुल-अप्स परत दहावर गेल्या की योग्य रस्त्यावर आहेस.

प्रश्न : मी ३१ वर्षांची, उंची १५८. चार महिन्यांत वजन २.२ किलोनं वाढलं, कंबर ७१ ची ७२.५ झाली. डेडलिफ्ट ४० वरून ६२.५. घरचे म्हणतात जाड व्हायला लागलीस. थांबू का? (मिरज)

अजिबात नाही. बार दीडपटीहून वर गेलाय आणि कंबर चार महिन्यांत दीड सेंटिमीटर. तुमची निम्म्या उंचीची रेषा ७९ वर आहे, ती लांब आहे. फक्त माप पाळीच्या हिशेबानं घ्या. या पाळीच्या सातव्या दिवसाचं माप पुढच्या पाळीच्या सातव्या दिवसाशी ताडा. पाळीच्या आधी पोट फुगतं, त्या आठवड्याच्या मापावर घरच्यांशी भांडत बसू नका.

प्रश्न : वय ४६, कंबर ९६, उंची १६८. जिमला तीन आठवडे झाले. ट्रेनर म्हणतो आधी सहा महिने बल्क, मग कट. (सांगली, गावभाग)

तुमचा बल्क चालू व्हायच्या आधीच संपलाय. निम्मी उंची ८४, तुम्ही बारा सेंटिमीटर पुढं आहात. नवख्या माणसाला पोटावर साठा असताना वरचं खाणं न देताही स्नायू येतात, त्यामुळे प्रोटीन वाढवा, बाकीचं ताट थोडं कमी करा आणि बार वाढवत राहा. त्याआधी उपाशीपोटी साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. ट्रेनरला तो रिपोर्ट दाखवा, आणि कंबरेचा आकडाही.