ग्लुकोमीटरवर लागोपाठ दोन वेगळे आकडे

प्रश्न: बाबांची उपाशीपोटी शुगर एका बोटावर १८६ आली आणि दोन मिनिटांनी दुसऱ्या बोटावर १२४. मशीन खराब झालंय का?

मशीनच्या आधी बोटावर संशय घ्या. थोडाफार फरक चालतो, मीटरसाठी जे आयएसओ मानक आहे त्यात १०० च्या वरचा आकडा लॅबच्या आकड्यापेक्षा १५ टक्के इकडे-तिकडे असला तरी पास धरतात. पण १२४ बरोबर असेल तर खरी शुगर फार तर १४६ असणार, आणि १८६ बरोबर असेल तर ती किमान १६२ पाहिजे, म्हणजे दोन्ही बरोबर असूच शकत नाहीत, एक कुठलातरी नक्की चुकलाय.

माझा अंदाज १८६ वर आहे. टेस्टच्या आधी बाबांनी घरात कुणासाठी फळ चिरलं किंवा सोललं होतं का विचारा. स्ट्रिप जेमतेम अर्धा-एक मायक्रोलिटर रक्त घेते आणि शुगर १०० असेल तर एक मायक्रोलिटरमध्ये ग्लुकोज असतं फक्त एक मायक्रोग्रॅम, त्यामुळे डोळ्याला न दिसणारा रस बोटावर सुकलेला असला तरी आकडा कुठच्या कुठे जातो. स्पिरिटच्या बोळ्याने नुसतं पुसलं तर ही साखर नीट निघत नाही, साबण आणि पाण्यानेच धुवा. कोमट पाणी असेल तर अजून बरं, रक्त सहज येतं. मग हात पूर्ण कोरडे करा कारण ओल्या बोटावर थेंब पातळ होऊन आकडा कमी येतो. हात धुणं शक्यच नसेल तर पहिला थेंब कापसाने पुसून दुसरा घ्यायचा.

१२४ कमी आला असण्याची शक्यताही आहे म्हणा, रक्त येत नाही म्हणून बोट जोरात पिळलं असेल तर रक्तात पेशींच्या भोवतालचं पाणी मिसळतं. टोचायच्या आधी हात थोडा वेळ खाली लोंबता ठेवा, बोटाच्या कडेला टोचा, आणि तरी येत नसेल तर पेनची खोली एक नंबर वाढवा.

धुतलेल्या कोरड्या हातानेही असाच फरक पडला तर मग स्ट्रिप बघा. एक्स्पायरी तर बघाच, पण डबीचं झाकण उघडं राहतंय का तेही बघा (हे फार घरांत होतं), दमट हवेने स्ट्रिपवरचं एन्झाइम खराब होतं. खात्री करायची तर कंपनीचं कंट्रोल सोल्युशन मिळतं, त्याचा थेंब टाकून आकडा डबीवर छापलेल्या रेंजमध्ये येतो का बघायचं, नाही आला तर नवीन डबी उघडून परत करा, तरीही नाही आला तर मात्र मशीनच.

आणि एक, बाबा इन्सुलिन किंवा शुगर खाली नेणाऱ्या गोळ्या घेत असतील तर हे लक्षात ठेवा. घाम, थरथर, गरगरणं चालू आहे आणि मीटर ११० दाखवतंय, तर लगेच निर्धास्त होऊ नका, बोटावरच्या साखरेने खरी ६० सुद्धा झाकली जाऊ शकते. हात धुवून ताबडतोब परत टेस्ट करा, आणि तेवढाही वेळ नसेल तर आधी साखर द्या.