१९ तारखेचा एसी आणि राहिलेले २४०० रुपये

प्रश्न: माझ्या क्रेडिट कार्डची स्टेटमेंट डेट १८ आहे. १९ तारखेला मोठी खरेदी केली तर जवळपास ५० दिवस बिनव्याजी मिळतात म्हणे. खरंच एक रुपयाही व्याज लागत नाही का?

उत्तर:

मागचं बिल पूर्ण भरलं असेल तर नाही लागत, नाही तर १९ तारखेपासूनच लागतं. खरं म्हणजे उत्तर एवढंच आहे, पण तुमचा प्रश्न माझ्या साढूभाऊंचा आहे, तारखांसकट त्यांचाच, म्हणून आता लांबणार. ज्यांना घाई आहे त्यांनी इथूनच निघावं.

आमचे साढू मनीषनगरला राहतात. एप्रिलमध्ये नागपुरात काय हालत असते ते सांगायला नको, कूलरच्या ताट्या बदलल्या, पंप बदलला, तरी दुपारी कूलर गरमच हवा फेकून राहिला होता, म्हणून त्यांनी ४२ हजाराचा एसी घेतला. घेतला तो बरोबर १९ एप्रिलला, कारण कोणत्या तरी रीलमध्ये पाहिलं होतं की स्टेटमेंटच्या दुसऱ्या दिवशी घेतलं की बँकेचा पैसा ५० दिवस फुकट वापरता येतो. एसी लागला त्या रविवारी आम्हाला जेवायला बोलावलं आणि सावजी रस्सा वाढता वाढता हे सगळं ज्ञान मला दिलं. मी इतवारीत एका हार्डवेअरच्या दुकानाचे हिशेब पाहतो, दुसऱ्याच्या उधारीवर व्याज कसं चढतं ते दिवसभर पाहत असतो, म्हणून मी फक्त एवढंच विचारलं की मागचं बिल फुल भरणार ना? तर म्हणे, "त्याचा याच्याशी काय संबंध? तुमी पैशाला चिकटून बसणारे लोक, तुमाले कार्ड समजत नाही." बायकोनं टेबलाखालून पाय दाबला म्हणून मी गप बसलो.

आता तारखांचं पाहू, कारण साढूंचं ते गणित चूक नव्हतं. त्यांचं स्टेटमेंट १८ ला निघतं आणि भरायची शेवटची तारीख त्यानंतर २० दिवसांनी येते. १९ एप्रिलची खरेदी १८ मेच्या स्टेटमेंटमध्ये येणार आणि भरायची ७ जूनपर्यंत, म्हणजे ४९ दिवस. तोच एसी १७ एप्रिलला घेतला असता तर १८ एप्रिलच्याच बिलात बसला असता आणि ८ मेपर्यंत भरावा लागला असता, म्हणजे फक्त २१ दिवस. दोन दिवसांच्या फरकात चार आठवडे, म्हणून खरेदीची तारीख महत्त्वाची आहे यात वाद नाही. फक्त अगदी १७-१८ तारखेच्या काठावर खेळू नका, कारण व्यवहार कोणत्या बिलात बसेल हे तुम्ही कार्ड कधी स्वाइप केलं त्यावर नाही तर तो बँकेच्या खात्यात कधी पोस्ट झाला त्यावर ठरतं, आणि दुकानदाराकडून सेटलमेंट यायला एखाद-दोन दिवस जातात. ॲपमध्ये 'अनबिल्ड' दिसून राहिलं की समजा ते पुढच्या बिलात गेलं.

पण हे ४९ दिवस बँक खरेदीला देत नाही, खात्याला देते, आणि मागच्या बिलातला शेवटचा रुपया वेळेत आला तरच देते. साढूंचं १८ एप्रिलचं बिल होतं १२,४०० रुपये, अख्खं बिल म्हणजे गाडीचे टायर, १ एप्रिलला घेतलेले. ८ मेला त्यांनी १०,००० भरले. काहून? तर राउंड फिगर! बाकीचे २,४०० पुढच्या महिन्यात एसीसोबत भरून टाकू म्हणाले. मिनिमम ड्यू सहाशेच्या आसपास होता, त्याच्या कितीतरी पट भरले, त्यामुळे लेट फी नाही, 'पेमेंट मिळाले, धन्यवाद' असा मेसेजही आला. माणसाला वाटतं काम झालं.

१८ मेला स्टेटमेंट आलं आणि त्यांनी आमच्या फॅमिली ग्रुपवर पीडीएफ टाकला, खाली लिहिलं "बँकेनं लुटलं". फायनान्स चार्जेस २,०६५ रुपये, त्यावर जीएसटी ३७२. म्हणजे राहिलेले २,४०० आणि त्याचा दंड २,४३७! संध्याकाळी मी वही घेऊन गेलोच. (हो, मुद्दाम गेलो.)

त्यांच्या कार्डाचा व्याजदर महिन्याला ३.६ टक्के, म्हणजे वर्षाचे ४३.२, आणि बँक तो ३६५ नं भागून रोजचा लावते. साढूंचा हट्ट होता की व्याज २,४०० वर लागायला पाहिजे. तसं असतं तर ८ मे ते १८ मे या ११ दिवसांचे ३१ रुपये झाले असते. पण पूर्ण बिल भरलं नाही की बिनव्याजी मुदत मागच्या तारखेपासून रद्द होते. मग टायरचे १२,४०० घ्या, १ एप्रिलपासून १०,००० जमा होईपर्यंत, ३७ दिवस, ५४३ रुपये. आणि एसीचे ४२,०००, जे अजून बिलातसुद्धा आले नव्हते, १९ एप्रिल ते १८ मे, ३० दिवस, रोजचे जवळपास ५० रुपये, झाले १,४९१. हे दोन आणि ते ३१ मिळवले तर २,०६५. वहीत आकडा जुळला तेव्हा ताई चहा घेऊन उभ्या होत्या, त्यांनी साढूंकडे पाहिलं आणि काहीच बोलल्या नाहीत. साढू म्हणाले, "पण एसी तर पुढच्या बिलाचा होता!" तेच तर मी जेवताना विचारलं होतं.

म्हणजे गंमत पहा, एसी १९ तारखेला घेतला की आणखी कधी याला काही अर्थच उरला नाही. उलट सायकलच्या सुरुवातीला घेतल्यामुळे व्याज पूर्ण महिनाभराचं लागलं. १० मेला घेतला असता तर नऊच दिवसांचं लागलं असतं. मागचं बिल बाकी असताना स्टेटमेंटच्या दुसऱ्या दिवशीची खरेदी ही त्या बिलासाठी सगळ्यात महागडी खरेदी असते, हे कोणत्याच रीलवाल्यानं सांगितलेलं मी पाहिलं नाही.

पुढची गोष्ट आणखी कमी लोकांना माहीत आहे. १८ मेचं एकूण बिल झालं ४६,८३७ आणि भरायची तारीख ७ जून. मी म्हटलं, आज भरा, उद्या भरा, पण ७ जूनची वाट पाहू नका, कारण आता तुमच्यासाठी ड्यू डेट म्हणजे फक्त लेट फी वाचवायची तारीख राहिली, व्याजाचं मीटर तर रोज पडून राहिलं आहे (नागपूरच्या ऑटोत ते कधी पडत नाही ती गोष्ट वेगळी). ते म्हणाले, शेवटच्या तारखेच्या आधी काहून भरू, बँकेचं भलं करायला? ७ जूनला पूर्ण भरले. १८ जूनला पुन्हा हजाराच्या आसपास व्याज आणि वर जीएसटी, एक पैशाची नवीन खरेदी नसताना. हे १९ मेपासून पैसे पोचेपर्यंतचं व्याज. आधीच्या स्टेटमेंटमध्ये ते येऊच शकत नाही, कारण तोपर्यंत ते दिवस उजाडलेलेच नसतात. लोकांना वाटतं बँकेनं चूक केली आणि कस्टमर केअरशी भांडत बसतात. एकदा अडकलात तर पूर्ण रक्कम लवकरात लवकर भरा, हे शेवटचं व्याजही भरा, आणि ते होईस्तोवर त्या कार्डावर भाजीसुद्धा घेऊ नका, कारण नवीन खरेदीला पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. दुसरं कार्ड असेल आणि त्याचं बिल क्लिअर असेल तर ते वापरा, एका कार्डाची बाकी दुसऱ्याची मुदत मोडत नाही.

म्हणून तुमच्यासाठी, १९ ला घ्यायच्या आधी ॲप उघडा आणि १८ च्या बिलाचा 'टोटल अमाउंट ड्यू' पहा. तो पुढच्या ड्यू डेटला पूर्ण, शेवटच्या पैशापर्यंत भरायची ताकद असेल तरच मोठी खरेदी करा. नुसता एसीचा विचार करून चालत नाही, आधीचे टायरही मोजावे लागतात. आणि त्याच्या मागचं बिल अर्धवट नाही ना तेही पाहून घ्या.

काही गोष्टी राहिल्या. एटीएममधून क्रेडिट कार्डानं कॅश काढली तर बिनव्याजी वगैरे काही नसतं, काढल्या दिवसापासून व्याज आणि वर वेगळी फी. ड्यू डेटनंतर तीन दिवसांची सवलत म्हणतात ती रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमातली आहे, पण ती लेट फी आणि सिबिलला थकबाकी कळवण्याबद्दल आहे, तिच्या भरवशावर व्याज वाचेल असं धरू नका. त्याच नियमांत बिलिंग सायकल बदलून मागायची सोयही आहे, पगार महिन्याच्या शेवटी होत असेल तर ड्यू डेट पहिल्या आठवड्यात येईल अशी करून घ्या. दर आणि दिवस मोजायची पद्धत बँकेप्रमाणे थोडी इकडेतिकडे होते, त्यामुळे माझे आकडे तुमच्या कार्डाला जसेच्या तसे लावू नका.

साढू आता म्हणतात कार्ड म्हणजेच फ्रॉड, कापून फेकायचं. मला हेही पटत नाही. मी, म्हणजे तो पैशाला चिकटून बसणारा, विजेचं बिल, किराणा, पेट्रोल सगळं कार्डावरच करतो आणि बँकेला व्याज देत नाही, कारण ऑटोपेला 'टोटल ड्यू' लावलेला आहे. त्यांच्या कार्डाला ऑटोपे होता, पण 'मिनिमम ड्यू'चा, आणि वरचे ते हातानं भरत होते. परवा ताईंनीच मला बोलावून तो बदलायला सांगितला. मी सगळं करून शेवटच्या स्क्रीनपर्यंत आणून ठेवलं आहे, ओटीपी साढूंच्या मोबाइलवर येतो, आणि ते अजून देऊन नाही राहिले.