सरांना निरोपाची भेट देताना

ताई, मुलांच्या फुटबॉलच्या सरांना निरोपाची भेट द्यायला पालकांकडून वर्गणी काढताना रक्कम ठरवू नका, फक्त कमाल मर्यादा सांगा: घरटी शंभर रुपये. पैसे एकाच पालकाकडे पाकिटातून द्यावेत. कोणी किती दिले, हे ग्रुपवर येऊ नये. न देणाऱ्याच्या मुलाचंही नाव भेटीवर असलंच पाहिजे.

अठरा मुलं असतील तर जास्तीत जास्त अठराशे जमतील. त्यात पांढरा फुटबॉल घ्या आणि पर्मनंट मार्करने मुलांच्या सह्या घ्या. शाई वाळेपर्यंत बॉल हाताळू नका, अक्षरं फिसकटतात. सोबत प्रत्येक मुलाने सरांनी शिकवलेली एक गोष्ट स्वतः लिहावी. सर जपतात ते हेच. उरलेल्या पैशांत सहायक सर आणि मैदानावरच्या मामांनाही काहीतरी घ्या.

पुढच्या हंगामाच्या संघाची निवड जाहीर झाल्यावरच भेट द्या, म्हणजे भेटीचा निवडीशी संबंध कोणी जोडणार नाही.