वादळात उडालेले पॅनेल आणि उरलेली मुदत

प्रश्न : वळवाच्या वादळात खानापूर तालुक्यातील आमच्या घरावरचे चार सोलर पॅनेल स्ट्रक्चरसह उडाले. येत्या मे महिन्यात त्याला दोन वर्षे होतील. पॅनेल २४०० पास्कल दाब सोसतात आणि वारा ताशी ९० किलोमीटरच होता, म्हणून दोष उभारणीचा, असे सांगून विमा कंपनीने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दावा नाकारला. बसवणारा म्हणतो, नैसर्गिक आपत्ती वॉरंटीत येत नाही. मी दोघांनाही ईमेल पाठवतो आहे. काय करावे?

उत्तर : ईमेल आता थांबवा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगाकडे जावे लागते आणि पत्रव्यवहार चालू ठेवल्याने ही मुदत वाढत नाही. विमा कंपनीविरुद्ध ती साधारणपणे नकारपत्रापासून, म्हणजे ऑगस्टपर्यंत धरता येईल. बसवणाऱ्याविरुद्ध मात्र ती मेमध्येच संपते असे समजून चला. विमा लोकपालाकडे वकिलाशिवाय आणि विनाशुल्क जाता आले असते. परंतु नकारानंतरचे ते एक वर्ष आपण ईमेलमध्ये घालवलेत, याचा मला खरोखर खेद वाटतो.

कंपनीचा युक्तिवाद वाटतो तितका भक्कम नाही. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. अशा वाऱ्याचा मूळ दाब सुमारे ३७५ पास्कल होतो आणि छताच्या कडेला उचलणारा जोर याहून बराच अधिक असला, तरी तो सहसा २४०० पर्यंत जात नाही. पण २४०० पास्कलची चाचणी उत्पादकाने सांगितलेल्या जागी क्लॅम्प लावलेल्या एकट्या पॅनेलची असते. आपले स्ट्रक्चर किंवा स्लॅबमधील अँकर त्या चाचणीत तपासलेच जात नाहीत, त्यामुळे तो आकडा वादळाने नुकसान झाले नाही हे दाखवत नाही. पॉलिसीत ‘वादळ’ या जोखमीला वेगाची अट आहे का आणि सदोष उभारणीचा अपवाद कोणत्या शब्दांत आहे, एवढेच वाचा. अपवाद लागू होतो हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असतो.

वाऱ्याच्या वेगाची हमी शोधायची ती बसवणाऱ्याच्या करारात. तेथे ताशी १५० किलोमीटर लिहिले असेल आणि स्ट्रक्चर ९० ला उखडले असेल, तर नैसर्गिक आपत्तीची सबब टिकणे कठीण आहे. म्हणून बेळगावच्या जिल्हा आयोगापुढे एकाच तक्रारीत दोघांनाही प्रतिपक्ष करा आणि मागणी पर्यायी ठेवा, म्हणजे एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवले तरी दोघेही आयोगापुढेच असतील.

सर्वेक्षकाच्या अहवालाची प्रत लेखी मागा. आपल्या होबळीतील त्या दिवशीच्या वाऱ्याची नोंद कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राकडे मागून पाहा, कारण ९० हा आकडा कंपनीने कोठून घेतला हे पत्रात दिसत नाही. उखडलेले क्लॅम्प आणि अँकर भंगारात दिले नसतील, तर आहे त्या स्थितीत जपून ठेवा.