मेल उघडला, पण उत्तर आलं का?

मॅडम, मी एमबीए एचआर करतेय. वागळे इस्टेटमधल्या एका भरती एजन्सीत इंटर्नशिप सुरू आहे. जावा डेव्हलपरना विषयात 'अर्जंट ओपनिंग' लिहून रोज चाळीस मेल पाठवते, पण फारसे कोणी उघडत नाहीत. सर म्हणतात, विषयाच्या आधी 'Re:' लाव. लावू का?
– एक विद्यार्थिनी, कळवा

'Re:' लावू नकोस. समोरच्याला वाटतं की जुन्या मेलचं उत्तर आलंय, म्हणून तो उघडतो. आधी कधी बोलणंच झालं नव्हतं हे दुसऱ्याच क्षणी कळतं आणि तो मेल स्पॅममध्ये टाकतो. असं वारंवार झालं, की तुमच्या एजन्सीचे बाकीचे मेलही इनबॉक्सपर्यंत पोचेनासे होतात. 'अर्जंट ओपनिंग'चं दुखणं वेगळं आहे. खोटं नसलं तरी डेव्हलपरला दिवसाला असे चार मेल येतात, त्यामुळे त्याची नजर त्यावर थांबतच नाही.

नाव आणि प्रोफाइलमधला तपशील घातलेला विषय चांगला चालतो, पण तो जपून लिहावा लागतो. मी भरतीत नवीन असताना एकाला त्याच्या ऑफिसच्या पत्त्यावर 'नोकरी बदलण्याबाबत' असा मेल पाठवला होता. तेव्हा मीटिंगमध्ये त्याची स्क्रीन शेअर होती आणि सूचना सगळ्यांना दिसली. त्याने फोन करून विचारलं, "मी तुमचं काय वाकडं केलं होतं?" तेव्हापासून मी फक्त खासगी पत्त्यावर लिहिते आणि 'बदल', 'राजीनामा' हे शब्द विषयात आणत नाही.

माझी पसंती साध्या, माहिती देणाऱ्या विषयाला आहे. समज, जागा ऐरोलीत आहे आणि उमेदवार घोडबंदर रोडला राहून रोज अंधेरीला जातो. मग लिही: 'जावा बॅकएंड, ऐरोली, 4-6 वर्षे'. मोबाईलवर साधारण पहिली तीस-चाळीस अक्षरंच दिसतात, तेवढ्यात हे बसतं. त्याच्यासाठी 'ऐरोली' हाच सगळ्यात वजनदार शब्द आहे, कारण ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने ते अगदी जवळ आहे. विषयाखाली मेलची पहिली ओळही दिसते, म्हणून तिथे 'आशा आहे आपण मजेत असाल' न लिहिता कामाचं स्वरूप लिही.

या पद्धतीत ज्यांना जागा जुळत नाही ते मेल उघडणारच नाहीत, आणि ते चांगलंच आहे. खरा धोका पगाराचा आकडा विषयात टाकण्यात आहे. क्लायंटने नंतर आकडा खाली आणला, तर उमेदवार तुलाच धरेल. लेखी मंजुरी असेल तरच टाक. कंपनीचं नावही क्लायंटच्या परवानगीशिवाय नको, कारण उमेदवार थेट अर्ज करतो आणि एजन्सीचं कमिशन जातं.

सरांना पटवायचं असेल तर दहा दिवसांत जाणारे चारशे मेल निम्मे-निम्मे कर. दोनशेंना हा विषय दे, उरलेल्यांना नेहमीचा, आणि मजकूर तोच ठेव. मोजताना मात्र फक्त उत्तरं मोज. मेल उघडला का, हे त्यातलं चित्र उतरलं का यावरून मोजतात; पण 2021 पासून ॲपलचं मेल ॲप मेलमधली चित्रं आपोआप आधीच उतरवून ठेवू शकतं, त्यामुळे न वाचलेला मेलही 'उघडला' म्हणून दिसतो. ज्या यादीला जास्त उत्तरं येतील, ती सरांच्या टेबलावर ठेव.